शेंगदाणा, काजू आणि बाळाचं उष्टावण: ॲलर्जीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात शेंगा खात नाही असं घर सापडणं कठीण. चटणीत शेंगा, भाजीत कूट, सणाला शेंगाची पोळी. म्हणूनच बाळाला ‘दाणे कधी द्यायचे’ हा प्रश्न बाह्यरुग्ण कक्षात रोज येतो, आणि आजी, आई आणि मोबाइल अशा तिघांची तीन उत्तरं सोबत घेऊन येतो. पालकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत. उत्तरं लहान-मोठी आहेत, कारण प्रश्नही तसेच आहेत.

शेंगदाण्याची ॲलर्जी आणि काजू-बदामाची ॲलर्जी एकच ना?

नाही. शेंगदाणा ही शेंगवर्गीय वनस्पती आहे, हरभरा, तूर, वाटाणा यांच्या कुळातली, आणि तिची शेंग जमिनीखाली भरते. काजू, पिस्ता, बदाम, अक्रोड हे झाडावरचे. त्यांच्यातही एकमेकांशी नातं असेलच असं नाही. बदाम गुलाबाच्या कुळातला, अक्रोडाचं कूळ वेगळं, काजू आणि पिस्ता मात्र आंब्याच्या कुळातले. किराणा दुकानात सगळे एकाच फळीवर मांडलेले असतात म्हणून आपण त्यांना एक समजतो. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा प्रथिनाचा आकार ओळखते, दुकानाची फळी नाही.

शेंगा खाल्ल्या की मला पित्त होतं. ही ॲलर्जी का?

छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकं जड होणं याला आपण पित्त म्हणतो. ती ॲलर्जी नव्हे. अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठतात त्यालाही आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो, आणि घोटाळा तिथेच होतो. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत गांधी उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, लगोलग उलट्या झाल्या, घसा बसला किंवा दम लागला तर ॲलर्जीचा संशय घ्यायचा. पोट रात्री जड झालं एवढ्यावरून नाही.

बाळाने आयुष्यात पहिल्यांदाच दाण्याचं कूट चाखलं आणि अंगभर गांधी उठल्या. आधी कधी खाल्लंच नव्हतं, मग ॲलर्जी आली कुठून?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सल्ला का उलटा फिरला याचं उत्तरही यातच आहे.

ॲलर्जी दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात काहीच दिसत नाही. शरीराला एखादं प्रथिन भेटतं आणि ते शत्रू म्हणून नोंदवलं जातं. त्या प्रथिनाविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्यं तयार होतात आणि त्वचा, आतडं, श्वासनलिका इथे पसरलेल्या मास्ट पेशींच्या पाठीवर जाऊन बसतात. दुसऱ्या टप्प्यात तेच प्रथिन पुन्हा येतं. त्याचा एक कण शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटला की मास्ट पेशी फुटल्यासारखी उघडते आणि हिस्टामिन व इतर द्रव्यं बाहेर पडतात. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, म्हणून सूज आणि गांधी. श्वासनलिका आवळतात, म्हणून घरघर. रक्तवाहिन्या सगळीकडेच सैल पडल्या तर रक्तदाब कोसळतो. हे सगळं मिनिटांत घडतं.

आता तुमचा प्रश्न: पहिला टप्पा कधी झाला? बहुतेक वेळा त्वचेतून. गालांवर, कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे एक्झिमा असलेल्या बाळाची कातडी फुटलेली असते. काहींच्या कातडीत ‘फिलॅग्रिन’ हे प्रथिन जन्मतःच कमी पडतं, त्यामुळे ती कोरडी आणि गळकी राहते. घरात शेंगा फोडल्या जातात, कूट केलं जातं, त्याची पूड अंथरुणावर, चटईवर, आईच्या हातावर असते. ती पूड त्या भेगांतून आत जाते. चिडलेली, सुजलेली कातडी आधीच धोक्याचे संदेश सोडत असते, आणि त्या गडबडीत भेटलेलं प्रथिन शत्रूच्या यादीत पडतं. बाळाने तोंडाने एक कणही खाल्लेला नसतो, तरी आयजीई तयार.

तेच प्रथिन आधी तोंडावाटे आतड्यात गेलं तर? आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना रोज नवं अन्न भेटतं आणि त्यांचा स्वभावच सोसून घेण्याचा असतो. तिथून ‘नियामक’ टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशी, तयार होतात, आणि त्या पुढे हा प्रतिसाद दाबून ठेवतात. थोडक्यात, प्रथिन एकच असतं. ते आधी कातडीतून भेटतं की तोंडातून, आणि कोणती वाट आधी उघडते, यावर बरंच अवलंबून असतं. लंडनचे बालॲलर्जीतज्ज्ञ गिडिअन लॅक यांनी २००८ मध्ये ही मांडणी स्पष्टपणे लिहिली. पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

मग बाळाच्या अंगाला घाण्याचं शेंगतेल लावतो ते चालेल?

एक्झिमा असलेल्या बाळाला नको. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात ते उरतं. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही तेलं देऊन पाहिली. रिफाइंड तेलाने एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या तेलाने ६ जणांना झाला. पुढे २००३ मध्ये लॅक यांच्याच चमूला आढळलं की शेंगदाण्याची ॲलर्जी ठरलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या अंगाला तान्हेपणी शेंगतेल असलेलं मलम लावलेलं होतं, आणि ॲलर्जी नसलेल्या मुलांत हे प्रमाण बरंच कमी होतं.

घाण्याचं तेल वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. फोडणीला खुशाल वापरा. फुटलेल्या कातडीवर नको, एवढंच. कातडी कोरडी असेल तर साधं, वास नसलेलं मलम जाडसर लावा, आणि एक्झिमा लाल असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध लावून तो आधी शमवा. कातडी बंद करणं हेही ॲलर्जी रोखण्याचंच काम आहे.

शेंगा उकडून दिल्या तर ॲलर्जी होणार नाही, खरं का?

अर्धवट. उकडताना काही प्रथिनं पाण्यात उतरतात, त्यामुळे उकडलेल्या शेंगांना आयजीई थोडी कमी चिकटते. भाजताना उलट होतं. साखर आणि प्रथिनं एकमेकांना बांधली जातात आणि चिकटण्याची ताकद वाढते. पण शेंगदाण्यातलं सगळ्यात त्रासदायक प्रथिन, ‘ॲरा एच २’, आतून गंधकाच्या बंधांनी इतकं आवळून बांधलेलं असतं की उष्णता आणि पोटातलं आम्ल दोन्ही पचवून ते टिकतं. ज्याला खरी ॲलर्जी आहे त्याला उकडलेली शेंगही धोक्याचीच.

मुलीला गोकाकचं करदंट खाऊन त्रास झाला. त्यात शेंगदाणे होते की काय?

अशीच एक केस सविस्तर सांगतो, कारण एकमेकांशी जुळणाऱ्या ॲलर्जीचा मुद्दा तीत अख्खा सापडतो.

चार वर्षांची मुलगी. लग्नातून आणलेल्या करदंटाचा एक तुकडा खाल्ला. दहा मिनिटांत ओठ सुजले, पाठीवर गांधी उठल्या, दोन उलट्या झाल्या. घरच्यांनी ‘शेंगदाण्याची ॲलर्जी’ असं ठरवून चटणी, पोळी, कूट सगळं बंद केलं. विचारल्यावर कळलं की त्याच सकाळी तिने भाकरीसोबत शेंगाचटणी खाल्ली होती, आणि ती रोज खाते. एखादा पदार्थ मूल नेहमीच्या मापात खातं आणि काही होत नाही, हा कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा मोठा पुरावा आहे. शेंगदाणा तिथेच सुटला.

करदंटात गूळ आणि डिंकासोबत सुकं खोबरं, खारीक, काजू, बदाम, पिस्ता असं पुष्कळ असतं. बदाम ती दुधात रोज घेत होती, खोबरं तर रोजचंच. उरले काजू आणि पिस्ता. काजू तिने आधी क्वचित, खिरीत एखाद-दुसरा खाल्ला होता, तेव्हा ‘घशात टोचतंय’ म्हणाली होती आणि कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्वचेची टोचणी तपासणी केली तेव्हा काजू आणि पिस्ता दोन्हींचे मोठे चट्टे आले. शेंगदाण्याचा चट्टा आलाच नाही.

काजू आणि पिस्ता ही एकाच भावकीतली मंडळी. दोघांच्या साठवणीच्या प्रथिनांची घडण इतकी जुळते की एकाविरुद्ध बनलेली आयजीई दुसऱ्यालाही तशीच चिकटते. याला प्रतिद्रव्यांचा परस्पर-प्रतिसाद म्हणतात. पिस्त्याची ॲलर्जी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला काजू चालत नाही. काजूची ॲलर्जी असलेल्यांपैकी बहुतेकांना पिस्ता चालत नाही. अक्रोड आणि त्याच्या भावकीतला पेकन यांचंही तसंच, पण पेकन आपल्याकडे कुठे मिळतो! बदाम या दोन्ही जोड्यांपासून लांब आहे.

तिला सांगितलं: काजू आणि पिस्ता बंद, तेही फक्त अख्खे नव्हेत. काजूची पेस्ट घातलेली हॉटेलची पांढरी ग्रेव्ही, वरून काजू लावलेला कुंदा, काजूकतली, पिस्ता आइस्क्रीम, हे सगळंच. शेंगदाणा, बदाम, खोबरं चालू. पाकीटबंद पदार्थावर शेंगदाणा आणि काजू-बदामासारख्या कवचफळांचा उल्लेख करणं कायद्याने बंधनकारक आहे. सुट्या मिठाईवर काहीच लिहिलेलं नसतं आणि एकच चमचा सगळ्या ट्रेमधून फिरतो, म्हणून सुटी मिठाई टाळा.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये शेंगदाणा, हरभरा, तूर, काजू सगळंच पॉझिटिव्ह आलं. आता वरण पण बंद?

वरण बंद करू नका. रिपोर्ट ‘ॲलर्जी आहे’ असं सांगत नाही. ‘या प्रथिनाला चिकटणारी आयजीई रक्तात आहे’ एवढंच सांगतो. शेंगदाणा आणि डाळी एका कुळातल्या असल्याने त्यांची काही प्रथिनं मिळतीजुळती असतात आणि तपासणीत ती सगळी उजळतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी फार थोड्यांना डाळी खाऊन प्रत्यक्ष त्रास होतो. मूल आजवर तूर-हरभरा खात आलं असेल तर ते खाणंच खरं उत्तर.

आपल्याच राज्यातला आकडा याच्याशी जुळतो. बंगळूर-म्हैसूर भागातल्या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पाचांतल्या जवळपास एका मुलाच्या रक्तात कुठल्यातरी अन्नाविरुद्ध आयजीई सापडली, पण लक्षणं आणि तपासणी दोन्ही जुळणारी अन्न-ॲलर्जी फक्त ०.१४ टक्के मुलांत होती. ‘फूड पॅनेल’ नावाची चाळीस-पन्नास पदार्थांची तपासणी मुलाला काही झालेलं नसताना हौसेने करून आणणाऱ्या पालकांना मी हाच आकडा दाखवतो.

आयजीई असूनही त्रास का होत नाही? मास्ट पेशी उघडायला एका कणाने दोन आयजीईंना धरावं लागतं. काही आयजीई सैल चिकटतात, काही प्रथिनं पोटात पोचताच पचून जातात. म्हणून हल्ली नुसतं ‘शेंगदाणा’ न पाहता ‘ॲरा एच २’ वेगळं पाहतात. ते वाढलेलं असेल तर खऱ्या ॲलर्जीची शक्यता बरीच जास्त असते.

शेंगदाणा आणि काजू दोन्हींची ॲलर्जी एकाच मुलात असूच शकत नाही का? असते, आणि दुर्मीळही नाही. पण पुष्कळदा ती एकातून दुसरी झालेली नसते. ज्या कातडीतून एक प्रथिन आत शिरलं तिच्यातूनच दुसरंही शिरलेलं असतं.

काजूच्या चिकाने हात भाजल्यासारखे झाले. मग काजू खायचा नाही का?

खानापूर आणि चंदगडकडे काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी सोलते, काळी पडते. टरफलातल्या तेलकट चिकाचा हा प्रताप. बिब्बा उततो तसंच हे, बिब्ब्याचं कूळही तेच. हा त्रास टी पेशींचा असतो किंवा चीक सरळ भाजतो. त्यात आयजीईचा संबंध नाही, आणि गर खाल्ल्यावर दम लागेल असा त्याचा अर्थ होत नाही. हातमोजे घाला आणि हाताला तेल लावून बसा.

आधी तीन वर्षं शेंगदाणा देऊ नका म्हणत होते, आता सहा महिन्यांत द्या म्हणतात. डॉक्टरांचं नक्की काय?

राग रास्त आहे. क्रम असा आहे.

१९९८ मध्ये ब्रिटनच्या सरकारी समितीने सांगितलं की घराण्यात दमा-एक्झिमा-ॲलर्जी असेल तर आईने गरोदरपणात आणि दूध पाजताना शेंगदाणा टाळावा आणि बाळालाही तीन वर्षांपर्यंत देऊ नये. २००० मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने अशा बाळांसाठी तोच सल्ला दिला. विचार वरवर सरळ होता: तान्ह्याचं आतडं कोवळं असतं, त्यातून प्रथिनं न पचता शिरतात, म्हणून थांबा. पण हा तर्क होता. कुणी दोन गट करून ताडून पाहिलं नव्हतं. आणि कातडीची वाट कुणी मोजलीच नव्हती. घरात मोठे शेंगदाणा खातच राहिले, फक्त बाळाचं तोंड बंद केलं. म्हणजे सोसायला शिकवणारी वाट बंद आणि बिघडवणारी वाट सताड उघडी.

अमेरिकेत फोनवरून केलेल्या पाहण्यांत मुलांमधली शेंगदाण्याची ॲलर्जी १९९७ मध्ये ०.४ टक्के होती, २००८ मध्ये १.४ टक्के झाली. सल्ला पाळला जात होता आणि आकडा वाढत होता. २००८ मध्ये अमेरिकी अकादमीने तो सल्ला मागे घेतला, पुढच्या वर्षी ब्रिटननेही. पण तेव्हा ‘टाळा’ काढलं होतं, ‘द्या’ म्हटलं नव्हतं.

मधल्या काळात लॅक इस्राएलला व्याख्यानाला गेले होते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल कुणी पाहिलंय, असं त्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तर सभागृहात मोजकेच हात वर झाले. लंडनमध्ये जवळपास सगळे झाले असते. इस्राएलमध्ये बाळं सहा-सात महिन्यांपासून ‘बाम्बा’ नावाचा, जिभेवर विरघळणारा शेंगदाण्याचा कुरकुरा चघळतात. मग ज्यू मुलांचीच तुलना केली, म्हणजे वंशाचा फरक आड येऊ नये. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा: ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, इस्राएलमध्ये ०.१७ टक्के.

यावरूनही कारण सिद्ध होत नाही. म्हणून लॅक, जॉर्ज डु टॉइट आणि सहकाऱ्यांनी ‘लीप’ चाचणी केली. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, सगळी जोखमीची, म्हणजे तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही असलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाने पाच वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा पूर्ण टाळला. दुसऱ्याने आठवड्यातून किमान तीनदा, एकूण ६ ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन खाल्लं. २०१५ मध्ये निकाल आला. टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. सुरुवातीला त्वचेच्या तपासणीत थोडा चट्टा आलेल्या बाळांतही फरक होता, ३५.३ विरुद्ध १०.६ टक्के. २०१७ मध्ये अमेरिकी सरकारी संस्थेने ‘लवकर द्या’ अशी मार्गदर्शिका काढली. त्या मुलांना पुढे बारा वर्षांच्या आसपास पुन्हा तपासलं आणि २०२४ मध्ये कळलं की फरक टिकून आहे, पाचव्या वर्षानंतर कुणी किती शेंगदाणा खाल्ला याने बिघडलं नाही.

या चाचणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सुरुवातीलाच मोठा चट्टा आलेल्या ७६ बाळांना तिच्यात घेतलंच नव्हतं. खायच्या गटातल्या ७ बाळांना सुरुवातीलाच शेंगदाणा खाऊ घालून पाहिला तेव्हा त्रास झाला आणि त्यांना शेंगदाणा बंद करावा लागला. ज्याची ॲलर्जी तयार झाली आहे त्याला ‘लवकर द्या’ हा सल्ला लागू नाही. शिवाय चाचणी ब्रिटनमधल्या जोखमीच्या बाळांवर झाली. आपल्याकडे ॲलर्जीच कमी, त्यामुळे फायद्याचा आकडा तेवढाच मोठा निघेल असं कुणी सांगू नये. पण ज्या घरात कूट रोज उडतं तिथे बाळाचं तोंड तेवढं बंद ठेवण्यात शहाणपण नाही, हे आपल्यालाही लागू आहे.

आमच्या घरात कसं द्यायचं? मापासह सांगा.

पावणेसहा महिन्यांच्या एका मुलाचं सांगतो. गालांवर आणि कोपरांच्या लवणीत मध्यम एक्झिमा, आई दूध पाजत होती, उष्टावण पंधरा दिवसांवर. आजी म्हणाली, “दाणा उष्ण असतोय, दात येऊ देत आधी.” आईने मोबाइलवर वाचलं होतं की लगेच द्या. दोघींचं थोडं थोडं ऐकलं.

पहिले दोन आठवडे कातडी नीट केली. घाण्याचं तेल थांबवलं, मलम दिवसातून दोनदा, लाल भागावर सौम्य स्टिरॉइड मलम थोडे दिवस. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण झालं, नाचणीची पेज आणि मऊ भात आठवडाभर चालला. मग दाणे. बुरशी न लागलेले, नीट भाजलेले, साल काढलेले, मिक्सरवर पिठासारखे बारीक केलेले. भरड कूट नको, ते घशात अडकतं. अख्खा दाणा तर पाच वर्षांपर्यंत नाहीच. मीठ, तिखट, लसूण नाही, म्हणजे घरची चटणी यासाठी चालत नाही. गूळही नको.

दिवस असा निवडला की बाळाला सर्दी-ताप नव्हता, दुपार होती, आई-बाबा दोघं घरी होते. पेजेत कालवलेलं कूट चमच्याच्या टोकावर घेऊन दिलं आणि दहा मिनिटं थांबले. हनुवटीवर जिथे लाळ आणि पेज सांडली होती तिथे थोडं लाल झालं, पुसल्यावर गेलं. ही ॲलर्जी नव्हे, एक्झिमाच्या कातडीला अन्न लागलं की असं होतं. पोटावर, पाठीवर, म्हणजे अन्न न लागलेल्या जागी गांधी उठल्या असत्या तर थांबवायचं होतं. काही झालं नाही, मग उरलेलं हळूहळू भरवलं आणि दोन तास लक्ष ठेवलं.

पुढे माप अडीच छोटे चमचे बारीक कूट, म्हणजे साधारण १० दाणे, सुमारे ८ ग्रॅम. यात २ ग्रॅम प्रथिन असतं. आठवड्यातून तीन दिवस दिलं की ६ ग्रॅम होतं. बाळाने निम्मंच खाल्लं म्हणून रडू नका. पण चव दाखवून महिनाभर विसरून जाऊ नका. घरं चुकतात ती इथेच. एकदा सुरू केलं की सोडायचं नाही.

कोणत्या बाळाला घरी देऊ नये?

अंगभर चिघळणारा, औषध लावूनही उसळणारा तीव्र एक्झिमा असेल, किंवा अंडं खाऊन आधीच गांधी उठल्या असतील, तर पहिला घास डॉक्टरांसमोर द्यावा. अशा बाळांची आधी तपासणी करून घ्यावी असं २०१७ ची मार्गदर्शिका सांगते. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ॲलर्जी संघटनांनी तपासणी सक्तीची नाही असं म्हटलं, कारण तपासणीची वाट पाहण्यात महिने जातात आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. तालुक्याच्या गावी ही अडचण रोजची आहे. माझं मत: जिथे त्वचा-तपासणी होत नाही तिथे दवाखान्यात बसून, तीव्र ॲलर्जीवरचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून पहिला घास देणं हे चार महिने ताटकळण्यापेक्षा बरं. शेंगदाण्याने एकदा त्रास झालेल्या बाळाला मात्र घरी पुन्हा ‘बघू’ म्हणून देऊ नका.

आईने गरोदरपणात शेंगा सोडाव्यात?

नाही. सोडल्याने बाळाची ॲलर्जी टळत नाही. शेंगाची पोळी खुशाल खा.

काजू, बदामही तसेच लवकर द्यायचे का?

पुरावा शेंगदाण्याइतका पक्का नाही. पण मुद्दाम उशीर करण्यात फायदा दिसत नाही, म्हणून जे घरात खाल्लं जातं ते सहा महिन्यांनंतर बारीक पूड करून, एका वेळी एकच नवा पदार्थ, असं देत जा. काजू आणि पिस्ता एकाच दिवशी सुरू करू नका. त्रास झाला तर कशाने ते कळणार नाही.

त्रास झालाच तर काय करायचं?

नुसत्या थोड्या गांधी असतील, मूल खेळत असेल, तर ॲलर्जीचं औषध द्या आणि दोन-चार तास नजर ठेवा. खोकला, घरघर, आवाज बसणं, वारंवार उलट्या, मूल निपचित पडणं यातलं काही दिसलं तर ॲड्रेनलिन लागतं. एव्हिलचं इंजेक्शन आणि स्टिरॉइड त्याची जागा घेत नाहीत, ती खाज कमी करतात, कोसळलेला रक्तदाब उचलत नाहीत.

माप वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०१ मिलिग्रॅम. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असं ॲम्प्यूल असतं, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. मुलाला आडवं ठेवा, पाय उंच करा, दम लागला असेल तर टेकून बसवा. उचलून खांद्यावर उभं धरू नका. १०८ ला फोन करा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचे असाल तर बेळगावकडे धाव घेण्याआधी वाटेवरच्या सरकारी आरोग्य केंद्रात थांबून ॲड्रेनलिन घ्या, मग पुढे या. बरं वाटल्यावरही काही तास दवाखान्यात थांबा, कारण लक्षणं दुसऱ्यांदा उसळू शकतात.

मोठेपणी ही ॲलर्जी जाते का?

शेंगदाण्याची साधारण पाचात एकाची जाते, काजू-अक्रोडाची दहात एखाद्याची. गेली की नाही हे दर एक-दोन वर्षांनी तपासणी करून आणि शेवटी डॉक्टरांसमोर खाऊन ठरवतात.

रोज थोडं थोडं देऊन ॲलर्जी मोडता येते असं ऐकलं. आम्ही घरीच एक दाणा चोळून सुरू करू का?

तसे उपचार आहेत. २०२० मध्ये अमेरिकेने ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी शेंगदाण्याच्या पुडीचं मोजून दिलेलं औषध मान्य केलं. त्यात सुरुवात दाण्याच्या शेकडाव्या भागाहून लहान मात्रेने होते, प्रत्येक वाढीव मात्रा दवाखान्यात दिली जाते, आणि तरीही काहींना ॲड्रेनलिन लागतं. अख्खा दाणा हे तिथलं बऱ्याच महिन्यांनंतरचं माप आहे. तुम्ही तिथूनच सुरुवात करायला निघालात. करू नका.